गर्दीचे व्हिडिओ, गरजेचे व्हिडिओ

'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजना २८ जून २०२४ ला राज्याच्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि १ जुलैला अर्ज भरणं सुरूसुद्धा झालं. महिन्याला दीड हजार रुपये, आणि मुदत सुरुवातीला होती फक्त १५ जुलैपर्यंत. सेतू केंद्रांसमोर, तलाठी कार्यालयांसमोर रांगा लागल्या. ज्यांना रांगेत उभं राहायचं नव्हतं, त्यांनी मोबाइल काढला. 'नारीशक्ती दूत' ॲप कुठून घ्यायचं, हमीपत्र कसं भरायचं, फोटो कसा चढवायचा, बँक खात्याला आधार जोडलेलं आहे की नाही हे कुठे बघायचं? गावोगावच्या यूट्यूबवाल्यांनी त्या आठवड्यात दुसरं काही केलंच नाही म्हटलं तरी चालेल.

असा एखादा यूट्यूबवाला डोळ्यांसमोर आणा. तालुक्याच्या गावी ऑनलाइन फॉर्म भरून देण्याचं छोटं दुकान, आणि फावल्या वेळात मोबाइलची स्क्रीन रेकॉर्ड करून 'कसं करायचं' ते दाखवणारं एक चॅनेल. त्याने जुलैच्या पहिल्या आठवड्यात लाडकी बहिणीचा व्हिडिओ टाकला आणि त्याच महिन्यात, जरा निवांत झाल्यावर, आणखी एक टाकला: मोबाइलवर सातबारा कसा काढायचा. माणूस तोच, आवाज तोच, पद्धत तीच. दोन्ही व्हिडिओ शिकवणारेच. तरी दोघांचं नशीब अगदी वेगळं निघणार, आणि ते का, हे समजलं की इंटरनेटवरचं बरंचसं येणंजाणं समजतं.

पहिल्याला सकाळी टाकल्यापासून संध्याकाळपर्यंत हजारो लोक बघतात. दुसऱ्याला दिवसभरात आठ-दहा. त्या आठ-दहांतही एक स्वतः चॅनेलवाला आणि एक त्याचा मेहुणा. ज्याला हे गणित माहीत नाही तो दुसऱ्या दिवशी ठरवून टाकतो, की सातबाऱ्यात काही अर्थ नाही.

फरक विषयाच्या महत्त्वात नाही आणि व्हिडिओच्या दर्जातही नाही. लोकांना तो विषय कधी लागतो, यात आहे. लाडकी बहिणीचा अर्ज राज्यातल्या लाखो घरांना एकाच पंधरवड्यात भरायचा होता. सगळ्यांची नड एकाच वेळी उभी राहिली आणि अर्ज भरून झाला की त्या घरापुरती संपली. ज्या बाईचा फॉर्म ४ जुलैला गेला, ती ५ जुलैला तो व्हिडिओ कशाला बघेल? सातबाऱ्याचं तसं नाही. आज कुणाला पीककर्जासाठी तो हवा असतो, उद्या कुणाच्या वाटणीत, परवा मुंबईत राहणाऱ्या एखाद्याला वडिलांच्या नावावर नेमकी किती जमीन आहे ते बघायचं असतं. एकाच दिवशी सगळ्यांना सातबारा लागत नाही, पण ज्या दिवशी कुणालाच लागला नाही असा दिवसही उगवत नाही. एसटी स्टँडवरच्या चौकशीच्या खिडकीसारखं हे काम आहे: झुंबड कधीच नसते, पण दिवसभर कुणी ना कुणी येऊन विचारून जातं.

या वागण्याचा अभ्यास यूट्यूब अगदी लहान असल्यापासून झालेला आहे. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या रायली क्रेन आणि दिदिये सॉर्नेत यांनी सुमारे ५० लाख व्हिडिओंचे रोजचे व्ह्यूज तपासून २००८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. दहातल्या जवळपास नऊ व्हिडिओंना नाव घेण्यासारखं शिखरच नव्हतं. त्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हतं, किंवा थोडेफार लोक इकडून तिकडून येत राहत होते. ज्यांना शिखर होतं, त्यांचं शिखर कसं आलं आणि कसं उतरलं यावरून क्रेन-सॉर्नेत यांनी गट पाडले. काहींचे व्ह्यूज हळूहळू चढत शिखराला पोचतात आणि हळूहळूच उतरतात, कारण एकाने दुसऱ्याला सांगितलेलं असतं. काहींना बाहेरून एकदम धक्का बसतो, म्हणजे एखादी बातमी किंवा घटना, आणि मग लोक एकमेकांना पाठवत राहिल्यामुळे ते काही काळ तग धरतात. आणि काहींना धक्का बसतो, पण पुढे कुणी कुणाला पाठवत नाही. ते कोसळतात.

या शेवटच्या गटाची उतरण त्यांनी मोजली. शिखरापासून जितके दिवस उलटले, त्या आकड्याच्या साधारण १.४ व्या घाताने रोजचे व्ह्यूज भागले जातात. हे वाचून कुणी पान उलटू नये, कारण आकडे घालून बघितलं की ते सोपं आहे आणि थोडं भीतीदायकही आहे.

समजा, आपल्या चॅनेलवाल्याच्या लाडकी बहिणीच्या व्हिडिओला पहिल्या दिवशी १२,००० व्ह्यूज मिळाले. हा आकडा मी हिशेबासाठी धरलेला आहे, उतरण मात्र त्या संशोधनातली. दुसऱ्या दिवशी येतात सुमारे ४,५००. दहाव्या दिवशी ४८०. महिनाभराने रोजचे १००. शंभराव्या दिवशी १९. पहिल्या महिन्यात एकूण २९,६०० च्या आसपास व्ह्यूज होतात, आणि नंतरच्या पूर्ण २३ महिन्यांत मिळून फक्त साडेपाच हजारांची भर पडते. दोन वर्षांची बेरीज ३५,१००.

आता सातबाऱ्याचा व्हिडिओ. पहिल्या महिन्यात रोजचे सरासरी १० व्ह्यूज धरू. यूट्यूबला तो हळूहळू ओळखीचा होतो, म्हणून दर महिन्याला रोजच्या व्ह्यूजमध्ये १० ची वाढ धरू, आणि आठव्या महिन्यात रोज ८० वर पोचून तो तिथेच स्थिरावला असं समजू. पहिल्या महिन्याची कमाई ३००. चॅनेलवाल्याचं तोंड उतरलेलं. पहिल्या आठ महिन्यांची बेरीज १०,८००, म्हणजे अजून पहिल्या व्हिडिओच्या पासंगालाही नाही. त्यापुढे मात्र दर महिन्याला २,४०० येत राहतात. दीड वर्षाच्या सुमाराला दोघे ३४,८०० च्या आसपास बरोबरीत येतात, आणि दोन वर्षं पुरी होतात तेव्हा सातबारा ४९,२०० वर असतो. त्याला चर्चेचा एकही दिवस आलेला नसतो.

हा हिशेब प्रत्येक व्हिडिओला तंतोतंत लागू होणार नाही, हे उघड आहे. रोज ८० वर पोचण्याऐवजी रोज ६ वर अडकलेले व्हिडिओ यूट्यूबवर पोत्याने आहेत. पण दोन रेघांचा आकार असाच असतो. एक कड्यावरून खाली येते आणि जमिनीलगत सरपटत राहते. दुसरी चढते की नाही हे कळायलाच काही महिने जातात.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती म्हणजे पहिल्या दोन दिवसांवरून भविष्य सांगता येत नाही. एचपी कंपनीच्या प्रयोगशाळेत गाबोर साबो आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी नेमकं हेच तपासलं होतं. त्या काळी 'डिग' नावाची एक वेबसाइट जोरात होती. तिथे लोक बातम्यांचे दुवे टाकत आणि त्यांना मतं देत. डिगवरच्या बातमीला महिनाभरात किती प्रतिसाद मिळेल, हे पहिल्या दोन तासांवरून बऱ्यापैकी सांगता येत होतं. तितक्याच अचूकपणे यूट्यूबच्या व्हिडिओबद्दल सांगायचं, तर दहा दिवस थांबावं लागत होतं. दोन तास आणि दहा दिवस! आणि यूट्यूबच्या त्या ढिगात सगळ्या प्रकारचे व्हिडिओ होते. नुसते शिकवणारे वेगळे काढले असते, तर दहा दिवसही पुरले नसते असं मला वाटतं.

हे असं होण्यात यूट्यूबच्या यंत्रणेचाही हात आहे. व्हिडिओ टाकला की तो आधी दिसतो तो सबस्क्राइबरांना आणि त्या चॅनेलचे व्हिडिओ अलीकडे बघितलेल्यांना: त्यांच्या होम पानावर, आणि बेल दाबलेली असेल तर नोटिफिकेशनमध्ये. लाडकी बहिणीचा थंबनेल या मंडळींना दिसला, की घरात बहीण, बायको, आई कुणीतरी असतेच, आणि बोट जातं. सातबाऱ्याचा थंबनेल त्याच मंडळींना दिसतो, पण त्यांच्यापैकी त्या दिवशी सातबारा हवा असलेला शंभरात एखादा. बाकीचे पुढे सरकतात. व्हिडिओ दिसलेल्यांपैकी किती जणांनी उघडला, याचं प्रमाण यूट्यूब मोजतं. निम्म्या व्हिडिओंच्या बाबतीत ते दोन ते दहा टक्क्यांच्या दरम्यान असतं, असं यूट्यूबनेच सांगितलेलं आहे. सातबारा पहिल्या दिवशी या पट्ट्याच्या तळाशी किंवा त्याखाली जातो. मग होम पानावर तो आणखी लोकांना दाखवण्यात यंत्रणेला रस उरत नाही. त्या क्षणापुरता तो पडलेला असतो.

त्याचं खरं गिऱ्हाईक दुसऱ्या दाराने येतं, म्हणजे सर्चच्या. आणि सर्चमध्ये नव्या माणसाला रांगेत मागेच उभं राहावं लागतं. सातबारा म्हणून शोधलं की वर दिसणारे व्हिडिओ दोन-तीन वर्षांपूर्वीचे असतात. लोकांनी ते उघडलेत, शेवटपर्यंत बघितलेत, याचा पुरावा यूट्यूबकडे साठलेला असतो. नव्या व्हिडिओकडे तसला पुरावा नाही. आणि तो मिळवायचा तर आधी लोकांनी तो बघायला हवा. हे कोडं सुटतं ते आडबाजूच्या शोधांतून. 'मोबाइलवर सातबारा' या शोधात तो तिसाव्या जागी असेल, पण 'गट नंबर माहीत नसेल तर सातबारा कसा काढायचा' असं दिवसातून चार लोक शोधत असतील, आणि तिथे तो दुसरा किंवा तिसरा असू शकतो. त्या चौघांपैकी दोघांनी तो पूर्ण बघितला, की थोडा पुरावा जमतो. असे शे-दोनशे लोक जमायला महिने लागतात. मग जुन्या, मोठ्या व्हिडिओंच्या शेजारी 'पुढे बघा'च्या यादीत तो दिसू लागतो, आणि रेघ जरा वर वळते. व्हिडिओ चांगला असूनही सुरुवातीचे महिने त्याला असे काढावे लागतात, त्याला इलाज नाही.

चॅनेलवाल्यांना वापरायला मिळणाऱ्या 'यूट्यूब स्टुडिओ'त मात्र सगळ्यात ठळक दिसतात ते पहिल्या काही तासांचे, दिवसांचे आकडे. नवा व्हिडिओ तुमच्या शेवटच्या दहांमध्ये कितवा आहे, हे तिथे आल्या आल्या दिसतं. शिकवणारा व्हिडिओ बहुतेक वेळा दहात नववा नाहीतर दहावा. तो आकडा बघून कुणी दोन दिवसांत तीनदा शीर्षक बदलतं, कुणी व्हिडिओ काढूनच टाकतं. माझ्या मते या प्रकारच्या व्हिडिओसाठी तो आकडा बघूच नये. बघायचा असेल तर तिसऱ्या महिन्यात 'ट्रॅफिक सोर्स' उघडून बघावं, की यूट्यूब सर्चमधून किती लोक आले आणि ते काय टाइप करून आले.

हे शेवटचं जरा जवळून बघण्यासारखं आहे. समजा व्हिडिओचं शीर्षक आहे 'गाव नमुना सात व बारा अधिकार अभिलेख ऑनलाइन प्राप्त करण्याची कार्यपद्धती'. बरोबर आहे, शुद्ध आहे, आणि असं कुणीही शोधत नाही. लोक शोधतात satbara kasa kadhaycha, किंवा 7 12 utara online, किंवा बोलून 'सातबारा दाखव'. मराठी माणूस मराठी शब्द सर्रास इंग्रजी अक्षरांत टाइप करतो, हे शाळेच्या निबंधात लिहायला बरं वाटत नसेल, पण स्टुडिओतल्या यादीत ते स्वच्छ दिसतं. अशा वेळी शीर्षकात 'सातबारा' हा साधा शब्द घालणं, 7/12 असंही लिहिणं, आणि खालच्या वर्णनात लोकांच्या तोंडचे दोन-चार प्रश्न जसेच्या तसे देणं, एवढ्याने फरक पडतो. टॅगचे डबे भरत बसण्यात वेळ घालवू नये. व्हिडिओ सापडण्यात टॅगचा वाटा फार थोडा आहे, असं यूट्यूबच सांगतं.

मंद चालणारा व्हिडिओ आणि मेलेला व्हिडिओ वरून सारखेच दिसतात. ओळखायचं कसं? व्हिडिओ सर्चमध्ये लोकांना दिसतोय पण उघडत कुणी नाही, तर दोष शीर्षकाचा किंवा थंबनेलचा. दिसतच नसेल, तर त्या शब्दांत शोधणारं कुणी नाही, किंवा पुढे फार दांडगे व्हिडिओ बसलेले आहेत. आणि लोक येतात, उघडतात, पण अर्ध्या मिनिटात निघून जातात, तर दोष आतच आहे. बहुधा सुरुवातीला दीड मिनिटभर 'नमस्कार मित्रांनो, चॅनेलवर नवीन असाल तर' चाललेलं असतं. ज्याला बँकेत साहेबासमोर उभं राहून सातबारा काढायचा आहे, त्याला हा नमस्कार नको असतो.

शिकवणाऱ्या व्हिडिओचा आलेखही बातमीसारखा नसतो. कुठल्या सेकंदाला किती लोक बघत होते हे दाखवणारी रेघ बातमीच्या व्हिडिओत सुरुवातीपासून उतरत जाते. सातबाऱ्याच्या व्हिडिओत मधेच टेकाडं येतात, कारण लोक मागे जाऊन तेवढाच भाग पुन्हा बघतात. bhulekh.mahabhumi.gov.in वर जिल्हा, तालुका, गाव निवडण्यापर्यंत कुणी अडत नाही. गट क्रमांक टाकून यादीतून नेमका उपविभाग निवडताना अडतात, आणि वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा भरताना अडतात. टेकाड तिथे येतं. पुढचा व्हिडिओ कशावर करायचा याचं उत्तर त्या टेकाडात असतं. आणखी एक सोय म्हणजे व्हिडिओचे भाग पाडणं. वर्णनात वेळा लिहिल्या की यूट्यूब त्यांची प्रकरणं करतं. पहिली वेळ 0:00 असायला हवी, निदान तीन भाग हवेत आणि प्रत्येक भाग किमान दहा सेकंदांचा:

```
0:00 वेबसाइट उघडणे
0:35 जिल्हा, तालुका, गाव
1:20 गट क्रमांक माहीत नसेल तर
2:40 सही असलेला सातबारा
```

यातला शेवटचा भाग महत्त्वाचा. फुकट दिसणारा सातबारा फक्त माहितीपुरता असतो. कामकाजात चालणारा, डिजिटल सही असलेला सातबारा वेगळ्या पानावर १५ रुपये भरून मिळतो. हे न सांगणारा व्हिडिओ बघून माणूस फुकटचा कागद घेऊन बँकेत जातो आणि परत येतो.

या दोन प्रकारांच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे, आणि तो आपल्याकडे फार मोठा आहे: दर वर्षी ठरावीक वेळी लागणारा व्हिडिओ. चकली तेलात विरघळते ती का, हा प्रश्न मार्चमध्ये जवळजवळ कुणालाच पडत नाही. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात तो हजारो स्वयंपाकघरांत एकदम पडतो. मोहन जास्त झालं की चकली कढईत विरघळते, कमी झालं की कडक होते, आणि आच मोठी ठेवली की वरून लाल होऊन आतून मऊ राहते. हे उत्तर गेल्या वर्षीचं आणि यंदाचं एकच आहे. म्हणून असा व्हिडिओ अकरा महिने झोपतो आणि दिवाळी आली की उठतो. उकडीचे मोदक गणपतीत तसेच, आणि ई-पीक पाहणीचा व्हिडिओ खरिपात. पहिल्या वर्षी तो दिवाळीच्या दोन दिवस आधी टाकला, तर वाया गेल्यासारखा वाटतो, पण त्याला पुढच्या दिवाळीला जागेवर बसवण्याचं काम मात्र झालेलं असतं. खरं तर तो दीड-दोन महिने आधी टाकावा.

आपले सण तिथीने येतात, हे विसरून महिन्यांची तुलना केली की घोळ होतो. लक्ष्मीपूजन २०२३ ला १२ नोव्हेंबरला होतं, २०२४ ला १ नोव्हेंबरला आणि २०२५ ला २१ ऑक्टोबरला. चकलीच्या व्हिडिओचा ऑक्टोबर २०२३ पेक्षा ऑक्टोबर २०२५ मध्ये कितीतरी फुललेला दिसेल. त्याचं श्रेय पंचांगाला, चॅनेलला नाही. तुलना करायची तर लक्ष्मीपूजनाच्या आधीच्या वीस दिवसांची दुसऱ्या वर्षीच्या तशाच वीस दिवसांशी करावी. एखादा विषय कुठल्या जातीचा आहे हे व्हिडिओ करण्याआधीच बघायचं असेल, तर 'गूगल ट्रेंड्स'वर यूट्यूब सर्च आणि महाराष्ट्र निवडून तो शब्द टाकून बघता येतो. तिथले आकडे म्हणजे शोधांची संख्या नव्हे. त्या काळातल्या सर्वांत मोठ्या दिवसाला किंवा आठवड्याला १०० मानून बाकीचे दाखवलेले असतात. पण एकच सुळका, दर वर्षी येणारे दात, की सपाट पट्टी, एवढं नजरेला लगेच कळतं.

लाडकी बहिणीच्या व्हिडिओचं पुढे काय झालं? त्याच्या अटी तर पहिल्या तीन दिवसांतच बदलल्या. मुदत ३१ ऑगस्टपर्यंत वाढली, वयोमर्यादा ६० वरून ६५ झाली, पाच एकर जमिनीची अट गेली, अधिवास दाखल्याऐवजी जुनं रेशनकार्ड किंवा शाळा सोडल्याचा दाखला चालू लागला. १ जुलैचा व्हिडिओ ४ जुलैला चुकीचा झाला, म्हणून पुन्हा नवा करावा लागला. मग सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारने लाभार्थ्यांना ई-केवायसी बंधनकारक केलं, त्यात नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचा ओटीपीही मागितला, तो येईना, आणि विषयाने पुन्हा उसळी घेतली. पण जुन्या व्हिडिओला त्याचा काही उपयोग नव्हता. उसळी विषयाची असते, व्हिडिओ दर वेळी कोरा लागतो. चालू घडामोडींवर चॅनेल चालवणाऱ्याला म्हणूनच सुट्टी नसते. व्हिडिओवर जाहिरातींचे पैसे मिळण्यासाठी यूट्यूब जे निकष लावतं, त्यात १,००० सबस्क्राइबर आणि गेल्या बारा महिन्यांत ४,००० तास बघितलं जाणं हा एक मार्ग आहे. 'गेल्या बारा महिन्यांत' हे शब्द इथे नडतात. आपल्या उदाहरणातल्या तीस हजार व्ह्यूजना सरासरी चार मिनिटं धरली तर दोन हजार तास झाले. तोपर्यंत चार हजार पुरे झाले नाहीत, तर वर्ष उलटताच ते दोन हजार हिशेबातून गळतात. सातबाऱ्याचे तास गळतात तेवढेच रोज नवे भरतही राहतात.

सातबाऱ्याच्या व्हिडिओचं सगळंच गोड आहे असंही नाही. त्याचा धोका उलट्या बाजूने येतो. तो चालत राहतो, पण त्यात दाखवलेलं जग बदलतं. सरकारी वेबसाइटचा पत्ता बदलतो, एखादा रकाना वाढतो, बटण डावीकडून उजवीकडे जातं. उस्मानाबादचं धाराशिव झालं, औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर, अहमदनगरचं अहिल्यानगर. पाच वर्षांपूर्वीच्या व्हिडिओत यादीतून 'उस्मानाबाद' निवडून दाखवतात आणि बघणारा समोरच्या यादीत ते शोधत बसतो. जितका व्हिडिओ लोकप्रिय, तितके जास्त लोक चुकणार. आणि यूट्यूबवर जुन्या व्हिडिओच्या जागी त्याच पत्त्यावर नवी फाइल घालता येत नाही. शीर्षक, वर्णन, थंबनेल बदलता येतं, चुकीचा तुकडा कापून टाकता येतो, वर एक कमेंट पिन करता येते, नव्या व्हिडिओचं कार्ड लावता येतं. पण नव्याने रेकॉर्ड केलेला व्हिडिओ नव्या पत्त्यावर जातो आणि त्याला पुन्हा शून्यापासून रांगेत उभं राहावं लागतं. चार वर्षांचा साठलेला पुरावा जुन्याकडेच राहतो. म्हणून खूप जण जुना तसाच ठेवतात, कारण व्ह्यूज येताहेत.

माझ्या मते इथे चॅनेलवाल्यांनी थोडं पाप-पुण्य बघायला हवं. माहिती चुकीची झाली की निदान पिन केलेल्या कमेंटमध्ये 'हे पान बदललं आहे, नवा व्हिडिओ इथे' एवढं तरी लिहावं. जुन्यातून नव्याकडे माणसं वळवली तर नव्याला पुरावाही लवकर मिळतो, म्हणजे यात स्वार्थही आहे. ही बदलाची चाहूल कमेंटमध्ये सगळ्यात आधी लागते. 'सर, माझ्याकडे असं पान येत नाही' अशा तीन-चार कमेंट एका आठवड्यात आल्या, की वेबसाइट बदलली असं समजावं.

आणि आपण बघणाऱ्यांनी काय करावं? यूट्यूबवर सर्चमध्ये वर दिसतो तो व्हिडिओ आजचा असेलच असं नाही. तो बहुधा सगळ्यात जास्त बघितला गेलेला असतो. चकलीसाठी दहा वर्षांपूर्वीचा व्हिडिओ बेलाशक लावा, मोहनाचं प्रमाण बदललेलं नाही. पण सरकारी अर्ज, बँकेचं काम, कुठलंही ॲप असेल, तर व्हिडिओच्या खाली वर्णनावर टिचकी मारून अपलोडची तारीख बघा, सर्चच्या फिल्टरमधून अलीकडचे व्हिडिओ निवडा, पहिल्या दोन-तीन नव्या कमेंट वाचा, आणि मगच आधार क्रमांक टाकायला घ्या.